रील हाकेच्या अंतरावर पोचावी म्हणून

पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत, तळमजल्यावर, एक छोटा व्यायामाचा स्टुडिओ आहे असं समजू. चालवणारी ट्रेनर एकटीच. दिवसाला पाच बॅचेस, एका बॅचमध्ये फार तर आठ जणी. म्हणजे सगळ्या मिळून जागा चाळीस. त्यातल्या सात-आठ दर महिन्याला रिकाम्या होतात, कारण कुणाच्या लेकीचं बाळंतपण निघतं, कुणी चार महिने मुलाकडे अमेरिकेला जातं, कुणाची पाठ धरते. तेवढ्या जागा भरल्या की ट्रेनरचा महिना नीट जातो. लाखभर माणसांचं तिला काही करायचं नाही. तिला सात-आठ जणी हव्यात, आणि त्याही घरून निघून दहा-पंधरा मिनिटांत पोचणाऱ्या.

आता तिने इन्स्टाग्रामवर टाकलेली रील पाहू. चोवीस सेकंदांची. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. व्हिडिओ स्वच्छ आहे, उजेड चांगला आहे, व्यायाम तर फारच उपयोगाचा आहे. खाली कॅप्शन अशी :

No excuses! 💪🔥 #fitness #gym #workout #motivation #fitindia #viral #explorepage #reelsinstagram

रील साठ हजार लोकांनी पाहिली, असंही समजू. खाली आगीच्या आणि दंडाच्या इमोजी. दोघांनी ऑनलाइन डाएट प्लॅन मिळेल का विचारलं, एकाने आपल्या प्रोटीन पावडरची जाहिरात चिकटवली. ‘बॅच किती वाजता असते?’ हा एकच प्रश्न तिला हवा होता आणि तो कुणीच विचारला नाही. विचारणार तरी कसं? त्या कॅप्शनमध्ये कोथरूड नाही, पुणे नाही, वेळ नाही, ही रील कुणासाठी आहे तेही नाही. कर्वे पुतळ्याजवळ राहणाऱ्या बाईंनी ती पाहिली असेलही, पण ही ट्रेनर आपल्या घरापासून दोन चौक पलीकडे आहे हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

रील्स भारतात आल्या जुलै २०२० मध्ये. त्याच्या आधी थोडेच दिवस टिकटॉकवर बंदी आली होती, आणि तिथली माणसं नवी जागा शोधत होती. तेव्हापासून ‘रील चालली’ याचा अर्थ ‘खूप जणांनी पाहिली’ असाच लागतो. ज्याचं गिऱ्हाईक देशभर पसरलेलं आहे त्याच्यासाठी तो अर्थ बरोबरही आहे. पण जिला रोज सकाळी समोर उभं राहून, गुडघा पुढे जातोय का ते पाहून शिकवायचं आहे, तिच्यासाठी तो उपयोगाचा नाही.

इथे एक मर्यादा आधीच सांगायला हवी. ‘ही रील फक्त कोथरूड आणि कर्वेनगरमध्ये दाखव’ असं बटण फुकटच्या रीलसाठी नाही. पैसे भरून जाहिरात केली तर नकाशावर एखाद्या जागेभोवती वर्तुळ आखून तेवढ्याच भागात ती दाखवता येते. फुकटच्या रीलच्या बाबतीत मात्र अ‍ॅप स्वतःच अंदाज बांधतं. हा व्हिडिओ कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल, याचा तो अंदाज. त्यासाठी ट्रेनरच्या हातात जी थोडी साधनं आहेत, त्यांत कॅप्शनमधले शब्द, जागेचा टॅग, प्रोफाइलवरची माहिती आणि शेवटी हॅशटॅग येतात. ही साधनं वापरून मिळते ती शक्यता. खात्री मिळत नाही.

हॅशटॅग शेवटी का, तर त्यांची पूर्वीची ताकद आता राहिलेली नाही. हॅशटॅगची कल्पना २००७ सालची. ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की एका विषयावरच्या बोलण्याला # लावून एकत्र बांधावं. इन्स्टाग्रामवर हे चिन्ह इतकं रुळलं की एका पोस्टला तीस-तीस टॅग लावायची रीतच पडली. पण २०२१ मध्ये इन्स्टाग्रामनेच तीन ते पाच टॅग पुरेत असं सांगितलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एखादा हॅशटॅग ‘फॉलो’ करण्याची सोयही काढून टाकली. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी हे गेली काही वर्षं सांगत आले आहेत की हॅशटॅगमुळे रील फार लांबवर जात नाही. ती कशाबद्दल आहे हे ओळखायला त्यांची मदत होते. म्हणजे हॅशटॅगचं काम डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीचं आहे. डब्यात हळद असेल तर चिठ्ठीवर ‘हळद’ असावं, ‘स्वयंपाकघर’ नसावं. #fitness या टॅगखाली पन्नास कोटींहून अधिक पोस्ट आहेत. त्या गर्दीत डहाणूकर कॉलनीतली खुर्ची कुणाला दिसणार?

उलट शोधण्याच्या बाजूला बरंच काही वाढलं आहे. लोक आता इन्स्टाग्रामच्या सर्चमध्ये ‘gym near kothrud’, ‘ladies zumba karve nagar’ असं सरळ टाइप करतात. सर्चमध्ये सापडायचं असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्येच लिहा, खाली कमेंटमध्ये टाकू नका, असं इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये सांगितलं होतं. तरीही कित्येक ट्रेनर आजही कॅप्शन ‘सुटसुटीत’ दिसावी म्हणून सगळे टॅग पहिल्या कमेंटमध्ये लपवतात. शिवाय जुलै २०२५ पासून, ज्यांचं खातं व्यावसायिक प्रकारचं आणि सर्वांसाठी खुलं आहे, त्यांच्या पोस्ट आणि रील्स गूगलच्या शोधातही येऊ शकतात. त्यामुळे कॅप्शनमधलं एक साधं वाक्य आता दोन ठिकाणी कामाला येतं.

तर त्या खुर्चीच्या रीलची कॅप्शन नव्याने लिहू. व्हिडिओ तोच, एक फ्रेमही बदलायची नाही.

लिहायला बसण्याआधी ट्रेनरने एक माणूस डोळ्यांसमोर आणावा. ‘महिला, वय २५ ते ६०’ हा काही माणूस नव्हे. साठीच्या आसपासच्या एक बाई, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, सोफ्यावरून उठताना गुडघ्यावर हात ठेवून ‘अगं आई गं’ म्हणणाऱ्या. बहुतेक वेळा रील आधी दिसते ती त्यांच्या लेकीला किंवा सुनेला, आणि ती रील त्यांना पाठवते. कॅप्शनने त्या पाठवणारीशीही बोलायला हवं. हा मुद्दा बारीक वाटतो, पण वजनदार आहे. जानेवारी २०२५ मध्ये मोसेरी यांनी सांगितलं की रील किती वेळ पाहिली गेली, किती जणांना आवडली आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली या तीन गोष्टींना सगळ्यांत महत्त्व आहे. नव्या लोकांपर्यंत पोचायचं असेल तर पाठवण्याला विशेष. आता व्यायामाची रील माणूस कुणाला पाठवतो? जिच्यासोबत क्लासला जायचं तिला, आईला, शेजारणीला, टेकडीवर बरोबर चालणाऱ्या मैत्रिणीला. यातल्या बहुतेक जणी जवळच राहतात. अ‍ॅपला कोथरूड नेमकं कळो न कळो, मैत्रिणीचं घर मैत्रिणीला ठाऊक असतं.

मग कॅप्शन अशी होईल :

आईला खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो? कोथरूडच्या काकूंसाठी ३० सेकंदांची चाचणी.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे. पूर्ण उठा, पूर्ण बसा. ३० सेकंदांत किती वेळा जमलं ते मोजा. वय ६० ते ६४ असेल आणि १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद वाढवायला हवी. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पन्नाशीपुढच्या बायकांची ताकदीच्या व्यायामाची बॅच : सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी १०:३०, डहाणूकर कॉलनी, कोथरूड. एका वेळी आठच जणी. Strength training for women 50+ in Kothrud, Pune.

एक दिवस नुसतं बघायला या. यायचं असेल तर मेसेजमध्ये ‘खुर्ची’ एवढंच लिहा.

हिच्यातली पहिली ओळ सगळ्यांत महत्त्वाची. रीलवर कॅप्शन पूर्ण दिसत नाही. सुरुवातीचे मोजके शब्द दिसतात आणि बाकीचं ‘more’ दाबल्यावर उघडतं. म्हणून अडचण आणि गाव दोन्ही तिथेच. ‘कोथरूडच्या काकूंसाठी’ हे शब्द दिसले की कोथरूडची बाई थांबते. गुवाहाटीचा तरुण अंगठा वर सरकवून पुढे जातो, आणि त्याने जावंच. त्याला थांबवण्यासाठी कॅप्शन बोथट केली तर कोथरूडच्या बाईही थांबणार नाहीत. ही भीती बऱ्याच जणांना सोडवत नाही. गावाचं नाव लिहिलं की बाकीचे लोक गेले, असं वाटतं. पण ते लोक हातातले नव्हतेच.

दुसऱ्या परिच्छेदात खरी माहिती आहे. तीस सेकंदांत उठ-बस मोजण्याची ही चाचणी जगभर वयस्कर लोकांच्या पायांची ताकद तपासायला वापरतात. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था ज्येष्ठांचं पडणं टाळण्यासाठीच्या तिच्या कार्यक्रमात हीच चाचणी घ्यायला सांगते. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांसाठी बाराच्या खालचा आकडा तिथे सरासरीपेक्षा कमी मानतात. अशा मजकुरामुळे एक गोष्ट साधते. वाचणारी लगेच उठून करून बघते, नंतर ‘माझे नऊच झाले’ असं लिहिते, आणि तिथून बोलणं सुरू होतं. ‘No excuses’वर काय बोलणार?

डॉक्टरांना विचारा हे वाक्य काही जण वगळतात, त्याने गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. पण ज्या बाईंचा गुडघा खरोखर बदललेला आहे, त्यांना याच वाक्यामुळे ही ट्रेनर भरवशाची वाटते. शेजारपाजारच्या धंद्यात भरवसाच तोंडी फिरतो.

तिसऱ्या परिच्छेदात वार, वेळ, जागा, संख्या. सकाळी साडेदहा म्हटल्याबरोबर नोकरीला जाणाऱ्या आपोआप गळतात आणि ज्यांची सकाळची कामं आटोपलेली असतात त्या उरतात. हे गाळणं कॅप्शनचंच काम आहे. ते तिने केलं नाही, तर ट्रेनरला रोज वीस मेसेजना ‘संध्याकाळची बॅच नाही हो’ असं उत्तर देत बसावं लागतं. त्याच परिच्छेदात एक इंग्रजी वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. कोथरूडमध्ये राहणारी मराठी बाईसुद्धा मोबाइलवर शोधताना बहुधा रोमन लिपीतच टाइप करते, आणि आयटीत नोकरीला आलेल्या अमराठी सुनेला सासूबाईंसाठी क्लास शोधायचा असेल तर तिच्याकडे इंग्रजीच असते. म्हणून एकच वाक्य, पण त्यात काम, कुणासाठी, भाग आणि शहर ही चारही नावं. सगळी कॅप्शन इंग्रजीत केली असती तर मूळ बाई दुरावली असती.

शेवटची ओळ तिला काय करायचं ते सांगते. ‘अधिक माहितीसाठी संपर्क करा’ याने कुणी हलत नाही, कारण संपर्क करून काय बोलायचं याचाच संकोच असतो. ‘खुर्ची’ हा एक शब्द लिहायला संकोच नाही. ट्रेनरलाही लगेच कळतं की या बाई याच रीलवरून आल्या.

आता हॅशटॅग. या रीलला पाच पुरतात : #kothrud #कोथरूड #kothrudpune #punefitness #strengthtrainingforwomen. पहिले तीन जागेचे, चौथा शहर आणि विषय मिळून, पाचवा निव्वळ विषयाचा. पण हे पाच कागदावर ठरवून चालत नाही. प्रत्येक टॅग अ‍ॅपच्या सर्चमध्ये टाकून उघडून पाहावा आणि तिथे काय दिसतं ते दोन मिनिटं न्याहाळावं. एखाद्या भागाच्या टॅगखाली फ्लॅटच्या जाहिराती आणि मिसळीच्या थाळ्या दिसल्या तर बिघडत नाही. तिथे निदान त्या भागातली माणसं येतात. पण #punefitness सारख्या टॅगखाली ट्रेनरच ट्रेनर दिसले, गिऱ्हाईक कुणी दिसेना, तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आणि #viral, #explorepage यांनी रील कशाबद्दल आहे हे अ‍ॅपला काहीच कळत नाही. ते काढून टाकावेत.

देवनागरी टॅगच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी लागते. कोथरूड लिहिताना कुणी रू दीर्घ लिहितं, कुणी ऱ्हस्व. मोबाइलच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, म्हणून दोन वेगळे टॅग. दोन्ही उघडून पाहावेत आणि ज्याच्याखाली खरी वर्दळ आहे तो घ्यावा. टॅगमध्ये मोकळी जागा किंवा जोडरेघ चालत नाही. #डहाणूकर-कॉलनी असं लिहिलं तर तो ‘डहाणूकर’पाशीच तुटतो आणि ‘कॉलनी’ साध्या अक्षरांत मागे लटकत राहते. पोस्ट केल्यावर निळ्या अक्षरांत नेमकं किती आलं, ते पाहिलं की चूक लगेच दिसते.

जागेचा टॅग, म्हणजे रीलच्या वर किंवा नावाखाली दिसणारं ठिकाण, हा हॅशटॅगपेक्षा वेगळा असतो. बहुतेक जण तिथे ‘Pune, Maharashtra’ निवडून मोकळे होतात. पण हडपसरही पुणं आणि कोथरूडही पुणं. मधलं अंतर सकाळच्या गर्दीत तासाभराचं. त्याऐवजी ‘Kothrud’ निवडावं. स्टुडिओ घरातच असेल, विशेषतः बाई एकटी राहत असेल, तर इमारतीचं नाव किंवा फ्लॅटचा नंबर कॅप्शनमध्ये कधीही लिहू नये. भाग आणि ओळखीची खूण पुरते. वनाझ ते गरवारे कॉलेज ही मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून या भागात स्टेशनांचीही खूण झाली आहे. ‘आयडियल कॉलनी मेट्रोपासून रिक्षाने जवळ’ असं वाक्य पौड रोडवरच्या माणसाला बरोबर कळतं. पूर्ण पत्ता मेसेजमध्ये, बोलणं झाल्यावर.

कॅप्शन वाचून बाई प्रोफाइलवर येतात. तिथे नावाच्या जागी नुसतं स्वतःचं नाव आणि खाली ‘Dream. Believe. Achieve.’ असेल, तर कॅप्शनची मेहनत वाया गेली. प्रोफाइलचं नाव आणि त्याखालची ओळख यांतले शब्दही सर्चमध्ये धरले जातात. ओळखीला १५० अक्षरं मिळतात, त्यात ‘डहाणूकर कॉलनी, कोथरूड. फक्त बायकांच्या बॅचेस. ताकद, गुडघे, पाठ. सकाळी ६:३० ते ११:३०’ एवढं आरामात बसतं. नावाच्या पुढे ‘Women’s Fitness Kothrud’ जोडलं की शोधणाऱ्याला आधी तेच दिसतं.

यात चुका होतात, आणि त्या जवळजवळ सगळ्यांच्या सारख्या असतात. पहिली चूक गावांची रांग लावण्याची. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन, औंध, बाणेर, सिंहगड रोड, सगळं एकापाठोपाठ. वाचणाऱ्याला वाटतं, या बाई नेमक्या आहेत तरी कुठे? आपला भाग एकच लिहावा आणि शेजारचे एक-दोन भाग वाक्यात आणावेत : ‘कर्वेनगर आणि वारज्याहूनही दोघी-तिघी येतात.’ अर्थात खरोखर येत असतील तरच.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ट्रेनर एखादी विनोदी रील टाकते, नवरा-बायकोच्या डाएटवरची, आणि ती चार लाख जण पाहतात. फॉलोअर्स दोन हजारांनी वाढतात. सगळे अभिनंदन करतात. पण हे दोन हजार जण विनोदासाठी आलेले आणि देशभर पसरलेले असतात. पुढची साडेदहाच्या बॅचची रील अ‍ॅप त्यांच्यातल्याही काहींना दाखवतं. ते दुसऱ्या सेकंदाला पुढे सरकतात, आणि रील किती वेळ पाहिली गेली या मापात ती मार खाते. विनोदी रील करू नये असं नाही. तिच्यातसुद्धा कोथरूड असावं. तिथला चौक, तिथली भाषा, तिथली जिलबी.

तिसरी चूक दाव्यांची. ‘१५ दिवसांत १० किलो’ असं लिहिलं की मेसेजचा पाऊस पडतो, आणि येणारी माणसं पंधराव्या दिवशी निराश होऊन त्याच सोसायटीत जाऊन सांगतात. देशभर विकणाऱ्याला एक निराश गिऱ्हाईक पचतं. चाळीस जागांच्या स्टुडिओला ते जड जातं. शिवाय जाहिरातीतला दावा सिद्ध करता आला पाहिजे, असा एएससीआय या जाहिरात नियमन संस्थेचा दंडकच आहे; आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपलं शिक्षण-पात्रता दाखवावी, अशी सूचनाही या संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये केली. आधीचा-नंतरचा फोटो टाकायचा असेल तर त्या बाईंची लेखी परवानगी घ्यावी. पुष्कळ जणींना आपला चेहरा नको असतो. ‘आमच्या बॅचमधल्या बासष्ट वर्षांच्या काकू आता तीन मजले न थांबता चढतात’ एवढं लिहिलं तरी कोथरूडला पुरेसं कळतं.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. रील जुनी झाली तरी सर्चमधून लोकांसमोर येत राहते. मार्चमधल्या कॅप्शनवर ‘या महिन्यात प्रवेश मोफत’ लिहिलं असेल तर ऑगस्टमध्येही कुणीतरी मोफत मागत येणार, आणि नाही म्हटल्यावर नाराज होऊन जाणार. कॅप्शन नंतरही दुरुस्त करता येते. बॅच भरली, वेळ बदलली, फी वाढली, की आधीच्या दहा-बारा रील्सच्या कॅप्शनवरून एकदा हात फिरवावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

हे सगळं लागू पडतंय का, हे ओळखायचं कसं? इन्स्टाग्रामच्या ‘Insights’मध्ये पाहणारे कुठल्या शहरांतले आहेत ते दिसतं. पहिल्या नावावर पुणे आलं आणि टिकलं, तर दिशा बरोबर आहे. पण अ‍ॅप शहरापर्यंतच सांगतं, पेठ किंवा कॉलनी सांगत नाही. तिथून पुढचं मोजमाप वहीत. दर चौकशीला तीन गोष्टी लिहायच्या : कुठून बोलतात, कुठली रील पाहिली, आणि ती कुणी पाठवली. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण त्याचं उत्तर सगळ्यांत कामाचं. ‘सुनेने पाठवली’ असं चार वेळा आलं, तर पुढच्या चार कॅप्शन सुनेशी बोलतील. एका रीलवरून काही ठरवू नये. आठ-दहा रील्स झाल्या की वहीत आकार दिसू लागतो. त्या महिन्यात साठ हजारांऐवजी अडीच हजारांनीच पाहिलं, पण अकरा जणींनी ‘खुर्ची’ लिहिलं आणि त्यातल्या चौघी आल्या, तर ती रील आधीच्या रीलपेक्षा चांगली चालली असंच वहीत लिहावं लागेल.

वहीतून दुसरं एक हाती येतं, ते म्हणजे लोकांचे प्रश्न. समजा दोन आठवड्यांत पाच जणींनी एकच विचारलं : ‘ताई, जिने चढावे लागतात का?’ स्टुडिओ तळमजल्यावर आहे हे ट्रेनरला इतकं ओळखीचं की ते लिहावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मात्र वेळ आणि फीच्याही आधी तेच महत्त्वाचं. पुढची रील जिन्याच्या एका पायरीवर चढण्या-उतरण्याची असेल, आणि कॅप्शनची पहिली ओळ अशी : ‘जिना चढताना कठडा धरावा लागतो? कोथरूडमध्ये तळमजल्यावर भरणारी बॅच, एकही पायरी न चढता पोचता येतं.’